सहा की सोळा? टॉप, सॉकेट आणि भिंतीमागची वायर

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डिचोलीजवळच्या एका गावातून काकींचा फोन आला. स्वयंपाकघरात जळल्याचा वास येतोय, पण जळताना काहीच दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. मी फोंड्याला वायरिंगची कामं करतो, त्यामुळे असा फोन आला की आधी एकच सांगतो : मेन बंद करा आणि त्या बोर्डाला कुणी हात लावू नका.

तासाभरात पोचलो. घर पाहुण्यांनी भरलेलं, माटोळीखाली आरतीची तयारी चाललेली. स्वयंपाकघरातल्या बोर्डावरचं पांढरं सॉकेट एका बाजूने तपकिरी पडलं होतं आणि त्यात मल्टिप्लग चिकटून बसला होता, आणि मल्टिप्लगमध्ये चहाच्या पाण्याच्या इलेक्ट्रिक किटलीच्या वायरीचा टॉप. दोन्ही ओढून काढले तेव्हा दोघांच्याही उजव्या पिनेवर काळी पुटं होती. भार वाढला की आपोआप बंद होणारा एमसीबी पडला नव्हता. काकींचा मुलगा विचारत होता, "दादा, टॉप नीट बसला होता, प्लेटीवर सोळा अँपिअर लिहिलंय, मग जळलं कसं?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. घरात ६ अँपिअरचे लहान आणि १६ अँपिअरचे मोठे असे दोन प्रकारचे टॉप आणि सॉकेट असतात, आणि कुठलं उपकरण कशावर लावायचं या गोंधळाचं उत्तर नुसत्या भोकांच्या आकारात सापडत नाही. ते चार ठिकाणी बघावं लागतं : टॉपवर, सॉकेटवर, उपकरणाच्या पट्टीवर आणि एमसीबीच्या पेटीत. याच क्रमाने बघत जाऊ.

आधी टॉप हातात घ्या

आपल्याकडचे गोल पिनांचे टॉप आयएस १२९३ या भारतीय मानकाप्रमाणे बनतात. ६ अँपिअरच्या टॉपच्या खालच्या दोन पिना साधारण ५ मिलिमीटर जाड असतात आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर सुमारे १९ मिलिमीटर असतं. १६ अँपिअरच्या टॉपच्या त्याच पिना ७ मिलिमीटर जाड, आणि अंतर सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. मोजपट्टी नसेल तर शाळेची पेन्सिल शेजारी धरा. खालच्या पिना पेन्सिलीएवढ्या जाड दिसल्या तर तो टॉप १६चा. पेन्सिलीपेक्षा स्पष्ट बारीक असतील तर ६चा.

यात एक चूक हमखास होते. लोक वरची, अर्थिंगची पिन बघून ठरवतात. अर्थिंगची पिन दोन्ही प्रकारांत बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. ६च्या टॉपची अर्थ पिनही ७ मिलिमीटरची असते. ती लांब ठेवण्यामागे कारण आहे. टॉप आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि बाहेर येताना ते सर्वांत शेवटी सुटावं. म्हणून जाडी बघायची ती नेहमी खालच्या दोन पिनांची.

टॉपच्या अंगावर, बहुतेक वेळा पिनांच्या मधल्या भागात, अँपिअरचा आकडा उठावात कोरलेला असतो. जुन्या घरात ५ किंवा १५ असाही आकडा दिसेल. आकाराने ते आजच्या ६ आणि १६चेच भाऊ आहेत, फक्त आकडा जुना. मात्र ज्या टॉपवर आकडाही नाही आणि आयएसआयची खूणही नाही, तो मी कुठल्याच मोठ्या उपकरणाला लावत नाही. असे टॉप हातात घेतले तरी हलके लागतात. आतलं पितळ पातळ असतं.

मग सॉकेट

साधं ६चं सॉकेट लहान असतं, तीन लहान भोकांचं. काही प्लेटींत खाली दोन पिनांच्या टॉपसाठी आणखी दोन भोकं असतात, पण तेही ६चंच. नुसतं १६चं सॉकेट मोठं असतं आणि त्याची तिन्ही भोकं ऐसपैस गोल असतात. इथवर सोपं आहे.

अडचण तिसऱ्या प्रकाराची आहे आणि आज निम्म्याहून जास्त घरांत मला तोच दिसतो : ६ आणि १६ दोन्ही टॉप घेणारं एकत्रित सॉकेट. त्याची भोकं पूर्ण गोल नसतात. एक लहान आणि एक मोठं वर्तुळ एकमेकांत मिसळल्यासारखी लांबट दिसतात. प्लेटीवर ६ आणि १६ दोन्ही आकडे असतात. सोयीचं आहे, यात वाद नाही. पण हे सॉकेट बसवलं की आकारावरून चूक थांबण्याची सोय जाते. नुसत्या ६च्या सॉकेटमध्ये गीझरचा टॉप बसतच नाही, म्हणून माणूस थांबून विचार करतो. एकत्रित सॉकेट सगळ्यांनाच आत घेतं. मागे जाड वायर आहे की दिव्याची बारीक वायर, हे प्लेटीला ठाऊक नसतं. प्लेटीवरचा १६ हा आकडा त्या प्लेटीपुरता खरा असतो, तिच्या मागच्या वायरीबद्दल तो काहीही सांगत नाही.

काकींच्या घरी नेमकं हेच झालं होतं. त्या बोर्डावर पूर्वी ६चं सॉकेट होतं, मिक्सरसाठी. दोन वर्षांपूर्वी मायक्रोवेव्ह आला, त्याचा टॉप बसेना, म्हणून कुणीतरी प्लेट काढून एकत्रित सॉकेट बसवून दिलं. वायर तीच राहिली.

उपकरणाच्या पट्टीवर वॉट शोधा

प्रत्येक उपकरणाच्या पाठीला किंवा तळाला एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरचे वॉट बघायचे आणि त्याला २३० ने भागायचं, कारण आपला पुरवठा २३० व्होल्टचा. येईल तो आकडा म्हणजे अँपिअर.

```
१५०० ÷ २३० = ६.५
```

म्हणजे १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. ६च्या सॉकेटची मर्यादा हिशेबाने १३८० वॉट होते, पण मी घरात १००० वॉटची रेघ ओढतो. त्यापुढचं काहीही असलं की १६चं सॉकेट. १६च्या सॉकेटची मर्यादा ३६८० वॉट. तिथेही तासन् तास चालणारं उपकरण ३००० वॉटच्या वर जाऊ नये, हे बरं.

या रेघेच्या अलीकडे मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, पंखा, ५०० ते ७५० वॉटचा मिक्सर आणि १००० वॉटपर्यंतची साधी इस्त्री येते. पलीकडे गीझर, इंडक्शनची शेगडी, ओव्हन, १५०० वॉटची किटली, वाफेची मोठी इस्त्री, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन आणि एसी. ३००० वॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो, तेव्हा त्याला आणि एसीला पेटीपासून स्वतंत्र वायर हवी. दुसऱ्या कशाबरोबर वाटून घेता येत नाही. फ्रिज वॉटने लहान असतो, पण त्याच्या बाबतीत कंपनीने जो टॉप लावून दिला असेल तो मानायचा. टॉप कापून लहान बसवायचा नाही, मग उपकरण कोणतंही असो.

दोन ठिकाणी पट्टी वाचताना फसगत होते. मायक्रोवेव्हच्या दारावर ८०० वॉट लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो १२०० ते १३०० वॉट ओढतो आणि तो आकडा मागच्या पट्टीवर 'इनपुट' या शब्दापुढे असतो. दुसरी गोष्ट विहिरीच्या पंपाची, जी आपल्याकडे घरोघरी आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, हे बरोबर. पण ती मोटर बाहेर देते ती ताकद. आत ओढते त्याहून बरीच जास्त, आणि सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट. म्हणून ७४६ हा आकडा १०००च्या आत आहे असं म्हणून एक अश्वशक्तीचा पंप ६च्या सॉकेटवर लावू नका.

एमसीबीच्या पेटीपाशी जा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत कामाची. त्यासाठी एकही स्क्रू उघडावा लागत नाही.

ज्या सॉकेटवर मोठं उपकरण लावायचं आहे, त्यात रात्रीचा लहान दिवा किंवा मोबाईलचा चार्जर लावा. घरातले बाकीचे दिवे-पंखेही सुरू ठेवा. मग पेटीतला एकेक एमसीबी खाली पाडून बघा, कुठल्या एमसीबीने तो चार्जर बंद होतो. सापडला की त्याच एमसीबीबरोबर घरात आणखी काय काय बंद झालं, ते फिरून पाहा. सॉकेटबरोबर त्या खोलीचा दिवा आणि पंखाही गेला, तर ते सॉकेट दिव्यांच्या लाईनवर आहे. प्लेट कितीही मोठी असो, त्याला ६चंच समजा. फक्त तेच सॉकेट गेलं, किंवा फार तर त्याच्यासारखं आणखी एक मोठं सॉकेट गेलं, तर ती पॉवरची वेगळी लाईन असण्याची शक्यता चांगली आहे.

आता एमसीबीवरचा आकडा वाचा. तिथे बी किंवा सी हे अक्षर आणि पुढे संख्या असते. दिव्यांच्या लाईनला ६ किंवा १० हवा, पॉवरच्या लाईनला १६ किंवा २०. पण हा आकडा पुरावा म्हणून एकटा चालत नाही, कारण आकडा बदलणं पाच मिनिटांचं काम आहे आणि वायर बदलणं दोन दिवसांचं. दिव्यांच्या लाईनवर १६चा एमसीबी दिसला तर समजायचं, पूर्वी इथे १०चा वारंवार पडत होता आणि कुणीतरी त्रास नको म्हणून मोठा बसवला. एमसीबी पडत होता तो वायर वाचवण्यासाठी. तो मोठा केला की वायरीला कुणी वाली राहत नाही.

शेवटची खात्री वायरीच्या जाडीने होते. आमच्या भाषेत दिव्याला एकची किंवा दीडची वायर, १६च्या सॉकेटला अडीचची, गीझर-एसीला चारची. हे आकडे तांब्याच्या चौरस मिलिमीटरचे. हे बघायला प्लेट उघडावी लागते, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून मेन बंद करूनच व्हावं. त्याला फक्त एवढंच विचारा : "इथे पेटीपासून अडीचची सरळ आलीय, की दिव्याच्या बोर्डातून लूप घेतलाय?" उत्तर द्यायला त्याला दोन मिनिटं लागतील.

आता काकींच्या घरचा हिशेब

त्या सकाळी त्या एका बोर्डावर, मल्टिप्लग लावून, तीन गोष्टी एकदम चालू होत्या. पाहुण्यांच्या चहासाठी १५०० वॉटची किटली, कालचं खतखतं गरम करायला मायक्रोवेव्ह, त्याचा इनपुट १३०० वॉट, आणि फ्रिज. किटलीचे ६.५, मायक्रोवेव्हचे साधारण ५.७ आणि फ्रिजचा एक धरला तर १३ अँपिअरच्या आसपास. प्लेट उघडली तेव्हा मागे एकची वायर निघाली, तीही दिव्याच्या बोर्डातून लूप घेतलेली. नळीतून गेलेली तांब्याची एकची वायर दहा-अकरा अँपिअर सोसते. पेटीत एमसीबी होता १६चा.

१३ अँपिअर हे १६पेक्षा कमी. त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने घरात सगळं ठीक चाललं होतं. खरं तर १६चा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर न पडणं हेही त्याच्या नियमात बसतं. तो तसाच बनवलेला असतो. आरसीसीबीही गप्प होता, कारण त्याचं काम गळती पकडणं, जास्त भार पकडणं नव्हे. वायर मात्र सकाळपासून मर्यादेच्या वर तापत होती.

तरी आधी जळलं ते सॉकेट, वायर नव्हे. त्याचं कारण पिनेच्या पकडीत आहे. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या पिनेला चिमटीत धरतात. ही पकड सैल झाली किंवा पितळ मळलं, की तिथे विजेला अडथळा होतो, आणि अडथळ्यात तयार होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. समजा एका पिनेच्या पकडीत ०.२ ओहमचा अडथळा आहे. मिक्सरचे ३ अँपिअर गेले तर तिथे दोन वॉटही उष्णता होत नाही, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याच पिनेतून काकींच्या घरचे १३ अँपिअर गेले तर सुमारे ३४ वॉट. आमची झाळण्याची लहान इस्त्री २५ वॉटची असते आणि तिने शिसं वितळतं. त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या आत, पिनेएवढ्या जागेत, तासभर कोंडून राहिली होती. म्हणून एकेकाळी 'चालत होतं' ते सॉकेट मोठ्या भाराखाली एका सकाळीत जातं.

एकत्रित सॉकेटला हा त्रास जरा जास्त होतो. जाड पिना वारंवार घालून पट्ट्या फाकतात आणि नंतर ६च्या बारीक पिनांना नीट धरत नाहीत. त्यात आपली हवा. पावसाळ्यातली दमट, किनाऱ्याजवळची खारी हवा पितळेवर हिरवट थर आणते. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी एक सवय लावली आहे. मोठं उपकरण अर्धा तास चाललं की स्विच बंद करायचा, टॉप काढायचा आणि त्याच्या अंगाला व पिनांना बोट लावायचं. कोमट असेल तर हरकत नाही. बोट ठेववत नसेल तर ते सॉकेट वापरातून काढायचं. टॉप आपसूक खाली कलत असेल, स्विच दाबताना आत चुरचुर ऐकू येत असेल, मासळीसारखा उग्र वास येत असेल, तर अर्धा तासही थांबू नका. तो वास तापलेल्या प्लास्टिकचा असतो.

कन्व्हर्टर, आणि परदेशातून आलेले टॉप

१६चा टॉप ६च्या सॉकेटमध्ये बसवून देणारा चौकोनी कन्व्हर्टर कुठल्याही दुकानात मिळतो. तो मोठ्या उपकरणाला लावू नये, एवढंच सांगतो; काकींच्या घरचा हिशेब वर आहेच. तसाच तो पांढरा एक्स्टेंशन बोर्ड : त्यात १६चं भोक असलं तरी त्याची वायर बघा. बारीक, लवचिक वायर असेल तर त्यावर किटली नको. उलटी बाजू, म्हणजे ६चा टॉप असलेलं लहान उपकरण १६च्या लाईनवरच्या एकत्रित सॉकेटमध्ये लावणं, भाराच्या दृष्टीने चालतं, पकड घट्ट असेल तर.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे, जी इतर ठिकाणी एवढी दिसत नाही. कुणाचा भाऊ आखातात, कुणाची मुलगी लंडनला किंवा लिस्बनला. येताना इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, कॉफीचं मशीन घेऊन येतात. आखातातले आणि इंग्लंडचे चपट्या पिनांचे टॉप आपल्या सॉकेटमध्ये जातच नाहीत, म्हणून ते निदान लक्षात येतात. पोर्तुगालकडचे दोन गोल पिनांचे टॉप मात्र घात करतात. त्यांच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या आणि अंतर १९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ६च्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत ते सरळ शिरतात. तिकडे तोच टॉप १६ अँपिअरपर्यंत चालतो, त्यामुळे त्यावर २००० वॉटचं यंत्र असू शकतं. इथे ते ६च्या सॉकेटवर येतं, पिन किंचित बारीक असल्यामुळे पकड सैल राहते, आणि सर्वांत वाईट म्हणजे अर्थिंग जोडलंच जात नाही. तिकडचं अर्थिंग टॉपच्या कडेच्या पट्टीतून येतं, आपल्याकडे तशी पट्टी नाही. आत झाकण असलेलं सॉकेट असेल तर टॉप अडतो, आणि मग लोक वरच्या अर्थिंगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उघडतात. हे कधीही करू नका. अशा यंत्राची वायर वायरमनकडून आपल्या तीन पिनांच्या, योग्य अँपिअरच्या टॉपला जोडून घ्या. टॉपला मुळातच दोन पिना असलेली, पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असलेली लहान उपकरणं तेवढी अर्थिंगशिवाय चालतात.

काकींच्या घरी काय केलं

त्या दिवशी फक्त त्या बोर्डाची जोडणी तोडून ठेवली आणि चहा गॅसवर झाला. विसर्जन झाल्यावर परत गेलो. पेटीपासून स्वयंपाकघरापर्यंत अडीचची नवी वायर, सोबत अर्थिंगची वायर, आणि १६चा एमसीबी. त्यावर दोनच सॉकेटं, १६ची, किटली आणि मायक्रोवेव्हसाठी; दोन्ही एकदम चालली तरी १२ अँपिअरच्या आसपास होतात. इंडक्शन घ्यायचं झालं तर तिसरी गोष्ट त्या लाईनवर बसणार नाही, हे काकींना सांगून ठेवलं. जुन्या बोर्डावर एकत्रित प्लेट काढून पुन्हा साधं ६चं सॉकेट लावलं, म्हणजे मोठा टॉप तिथे बसूच नये. त्यावर आता मिक्सर आणि फ्रिज. दिव्यांच्या लाईनचा एमसीबी १६वरून ६वर आणला.

काकींच्या मुलाने जुन्या किटलीचा टॉप पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला होता. तो मी कापून टाकला आणि नवा १६चा लावला. एकदा तापून काळी पडलेली पिन घासली तरी तिच्यावर बारीक खड्डे राहतात, ती नव्या सॉकेटमध्ये गेली की तिथली पकडही महिन्या-दोन महिन्यांत तशीच खराब होते. म्हणून जळकं सॉकेट बदलताना त्यात बसणारा टॉपही त्याच दिवशी बदलायचा.